हाताने होणाऱ्या जुळणीचा टाइम स्टडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइम स्टडी म्हणजे काम घड्याळ लावून मोजणं आणि त्यावरून त्याला किती वेळ द्यायचा ते ठरवणं. खालची सगळी उत्तरं एकाच कामाला धरून आहेत. काम छोटं आहे: प्लास्टिकची एक जोडणी पेटी. ऑपरेटर बेस उचलून फिक्स्चरमध्ये बसवतो, त्यात टर्मिनल ब्लॉक ठेवून दोन स्क्रू मारतो, कडेच्या खोबणीत रबरी गॅस्केट दाबतो, झाकण ठेवून चार स्क्रू मारतो आणि तयार पेटी ट्रेमध्ये ठेवतो. स्क्रू हवेवर चालणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने बसतात, बाकी सगळं हाताने. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अडचणी रोजच्याच आहेत, आणि त्यातली गॅस्केटची अडचण मी स्वतः भोगलेली आहे.

घड्याळ हातात घेण्याआधी काय करायचं?

काम कसं होतं ते आधी लिहून काढायचं. स्क्रूचा डबा कुठल्या हाताला आहे, फिक्स्चर टेबलाच्या कडेपासून किती लांब आहे, स्क्रूड्रायव्हर वर टांगलेला आहे की बाजूला ठेवलेला, टॉर्क किती लावला आहे, हे सगळं एका पानावर आलं पाहिजे. प्रमाण वेळ, म्हणजे एका नगासाठी शेवटी ठरलेली वेळ, ही त्या पद्धतीची वेळ असते. उद्या कुणी डबा डावीकडून उजवीकडे हलवला आणि आपल्याकडे आधीची नोंद नसली, तर जुना आकडा अजून लागू आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

ऑपरेटर कामात मुरलेला हवा. नवशिक्याचं रेटिंग, म्हणजे त्याच्या वेगाला दिलेला आकडा, कमी धरून भागेल असं वाटतं, पण नवशिका फक्त हळू नसतो, त्याच्या हालचालीच वेगळ्या असतात. ज्याची वेळ मोजायची त्याला आधी सांगायचं आणि त्याला दिसेल असं उभं राहायचं. खांबाआडून मोजलेली वेळ त्याला कळतेच, आणि मग पुढची सगळी वाचनं बिघडतात.

कामाचे घटक कुठे तोडायचे?

जिथे डोळ्यांना किंवा कानांना पक्की खूण मिळते तिथे. आपल्या कामात सगळ्यात चांगली खूण आवाजाची आहे: ठरलेला टॉर्क आला की स्क्रूड्रायव्हरचा क्लच ‘कट्’ करून सुटतो. दुसऱ्या स्क्रूचा ‘कट्’ ऐकू आला की दुसरा घटक, म्हणजे टर्मिनल ब्लॉक, संपला, शेवटच्या स्क्रूचा आला की चौथा, म्हणजे झाकण. ‘गॅस्केट बसलं’ ही मात्र खूण नाही, कारण ते कधी बसलं हे बाजूने दिसत नाही. तिथे ‘हात झाकणाला लागला’ ही खूण धरायची.

घटक अडीच सेकंदांपेक्षा लहान करू नये. त्याखाली वाचन आणि लिखाण दोन्ही चुकतात. हाताचं काम आणि यंत्राचं काम शक्य तिथे वेगळं धरायचं. त्याचं कारण रेटिंगच्या प्रश्नात येईल.

घड्याळ दर घटकाला शून्यावर आणायचं की सतत चालू ठेवायचं?

माझं मत सतत चालू ठेवण्याच्या बाजूने आहे. प्रत्येक खुणेला चालू वाचन लिहायचं आणि वजाबाकी नंतर करायची. वजाबाकीचा त्रास होतो, पण मधला एकही सेकंद हरवत नाही. ऑपरेटर थांबला, सुपरवायझर येऊन बोलला, स्क्रू खाली पडला, हे सगळं पानावर उमटतं. शून्यावर आणण्याच्या पद्धतीत नको असलेला वेळ न लिहिताच निसटतो, आणि तो नको असलेला होता की कामाचाच भाग होता हे नंतर तपासता येत नाही.

दहा वाचनांतली दोन फार मोठी आली. ती काढून टाकायची का?

या पानावर सगळ्यात जास्त जागा या प्रश्नाला देतो, कारण प्रमाण वेळ बहुतेक वेळा इथेच बिघडते. गॅस्केट बसवण्याची दहा वाचनं अशी आली, सेकंदांत:

७.१, ७.४, ६.९, ७.३, ११.८, ७.२, ७.०, ७.५, १०.६, ७.२

बेरीज ८०.०, सरासरी ८.०. पाचवं आणि नववं वाचन वेगळं आहे हे कुणालाही दिसतं. ती दोन वगळली तर सरासरी ७.२ वर येते आणि आकडे एकसारखे, देखणे दिसतात. हात लगेच खोडरबराकडे जातो.

माझाही गेला होता. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अशाच एका कामात मी मोठी वाचनं ‘असाधारण’ म्हणून गोल करून सोडून दिली. प्रमाण ठरलं, आणि लाइन रोज थोडी थोडी मागे पडू लागली. कामगार चुकारपणा करतात असा निष्कर्ष वरच्यांनी काढला. शेवटी मी त्या टेबलाशी जाऊन पुन्हा उभा राहिलो, तेव्हा ऑपरेटर म्हणाला, “सर, पाकिटातून निघतं तेव्हा रबर मुडपलेलं असतं. तीन कोपरे बसतात, चौथा दाबेपर्यंत पहिला उसळतो. मग परत फिरून दाबावं लागतं.” त्याने एक गॅस्केट हातावर ठेवून दाखवलं. घडीची वळी स्पष्ट दिसत होती. म्हणजे मी जे वगळलं होतं ते कामच होतं.

वाचन मोठं आहे म्हणून ते वगळता येत नाही. ते का मोठं आलं याचं कारण त्याच क्षणी शेऱ्यात लिहिलेलं असलं आणि ते कारण या कामाच्या बाहेरचं असलं, तरच वगळायचं. सुपरवायझर येऊन बोलला, तो वेळ या घटकाचा नाही. तो बाजूला लिहून ठेवायचा, अलाउन्स, म्हणजे विश्रांती आणि अडथळ्यांसाठी द्यायचा जादा वेळ, ठरवताना लागतो. गॅस्केट उसळलं, तो वेळ कामाचा आहे, मग कितीही कुरूप दिसो. कारण लिहिलंच नसेल तर वाचन ठेवायचं.

आता पुढची अडचण. दहात दोनदा उसळलं म्हणून ते खरोखर दर शंभराला वीसदा उसळतं का? दहा नगांवरून हे सांगणं धाडसाचं आहे. शंभराला दहादा उसळत असतं तरी एखाद्या दहाच्या गटात दोन सापडणं अगदी सहज शक्य आहे. म्हणून उसळण्याचा वेळ वेगळा, अधूनमधून येणारा घटक धरायचा आणि त्याची वारंवारता जास्त नगांवर मोजायची. त्यासाठी प्रत्येक नगाला घड्याळ नको, बाजूला उभं राहून रेघा मारल्या तरी चालतात. आपल्या उदाहरणात पुढच्या १०० नगांत ते १५ वेळा उसळलं आणि त्या प्रत्येक वेळी सरासरी ४.० सेकंद जादा गेले. म्हणजे नगामागे ४.० × ०.१५ = ०.६ सेकंद. गॅस्केटची वेळ ७.२ + ०.६ = ७.८ सेकंद झाली.

विचित्र लहान वाचनाकडेही तितक्याच संशयाने बघायचं. गॅस्केटला ४ सेकंदांचं वाचन आलं तर बहुधा एखादा कोपरा दाबायचा राहिला आहे. ती पेटी उघडून बघावी.

किती सायकली, म्हणजे एका नगाच्या कामाच्या किती फेऱ्या, मोजायच्या?

९५ टक्के खात्रीने सरासरी ५ टक्क्यांच्या आत हवी असेल तर सुरुवातीच्या वाचनांवरून हे सूत्र वापरतात. यात x म्हणजे प्रत्येक वाचन, Σ म्हणजे बेरीज, m म्हणजे आधी घेतलेल्या वाचनांची संख्या आणि n म्हणजे लागणाऱ्या वाचनांची संख्या:

```
n = ( 40 × √( m·Σx² − (Σx)² ) / Σx )²
```

गॅस्केटच्या दहा वाचनांच्या वर्गांची बेरीज ६६६.६ येते. सूत्रात घातली की n = ६६.५, म्हणजे ६७ वाचनं. झाकणाच्या घटकाची वाचनं मात्र १६.४ ते १७.६ यांच्या आतच राहिली. तिथे सूत्र दोनापेक्षा जास्त वाचनं मागत नाही.

६७ हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही, पण तो काय सांगतो ते ऐकायचं. एका घटकाला इतकी वाचनं लागतात, याचा अर्थ बहुधा त्या घटकात दोन वेगवेगळी कामं मिसळलेली आहेत. उसळणं वेगळं काढल्यावर उरलेली आठ वाचनं ६.९ ते ७.५ मध्ये बसतात आणि तिथे दहा वाचनं भरपूर होतात. मोजणी वाढवायची ती उसळण्याच्या वारंवारतेची. शक्य असेल तर ही वाचनं वेगवेगळ्या वेळांना आणि एकापेक्षा जास्त ऑपरेटरांवर घ्यावीत. सलग अर्ध्या तासात घेतलेली वाचनं त्या अर्ध्या तासाचीच गोष्ट सांगतात.

रेटिंग म्हणजे नेमकं काय, आणि ते अंदाजपंचे नसतं का?

रेटिंग म्हणजे ऑपरेटरचा वेग आणि हाताची सफाई मनातल्या एका ठरलेल्या चित्राशी ताडून बघणं. ब्रिटिश मानकाच्या ० ते १०० मापात १०० म्हणजे काम येणाऱ्या, इच्छेने काम करणाऱ्या माणसाची पाळीभर टिकणारी गती. त्याची नेहमीची दोन उदाहरणं आहेत: सपाट रस्त्यावर ओझं न घेता ताशी ६.४ किलोमीटर चालणं, आणि ५२ पत्त्यांचा जोड २२.५ सेकंदांत वाटणं. काही ठिकाणी ताशी ४.८ किलोमीटरच्या चालीला १०० म्हणतात. ब्रिटिश मापात तीच चाल ७५ ठरते. दोन विभागांची रेटिंग जुळत नसतील तर भांडण्याआधी दोघांचं १०० एकच आहे का ते विचारावं.

रेटिंग हे माणसाने ठरवायचं असतं, यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते तपासता येतं. एकाच घटकाची मोजलेली वेळ आणि रेटिंग यांचा गुणाकार, ऑपरेटर बदलला तरी साधारण तोच यायला हवा. एक ऑपरेटर ११.० सेकंद घेतो आणि आपण ११० देतो, दुसरा १२.७ घेतो आणि आपण ९५ देतो, दोन्हीकडे १२.१ च्या आसपास येतं, म्हणजे डोळा ठिकाणावर आहे. चपळाला १०५ आणि संथाला १०० दिलं जात असेल, तर आपण सगळ्यांना शंभराकडे ओढतो आहोत. ही सवय फार जणांना असते, आणि तिच्यामुळे चपळ ऑपरेटरवर केलेला अभ्यास घट्ट प्रमाण देतो, संथावर केलेला सैल.

एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो: घटक संपायच्या आत रेटिंग ठरवायचं आणि लिहायचं, मग घड्याळाकडे बघायचं. वेळ आधी दिसली की रेटिंग त्या वेळेला साजेसं येतं. पाच-पाचच्या पायऱ्या पुरतात. १०७ लिहिण्याइतका कुणाचाच डोळा बारीक नसतो.

पूर्ण सायकलला एकच रेटिंग दिलं तर चालेल का?

या कामात नाही. स्क्रू आत जायला दीड सेकंद लागतो तो स्क्रूड्रायव्हरच्या गतीमुळे. ऑपरेटर कितीही चपळ असला तरी तो दीड सेकंद कमी होत नाही. त्या वेळेला रेटिंग लावायचं नाही, ती जशीच्या तशी घ्यायची. रेटिंग फक्त हाताच्या कामाला.

आपल्या ऑपरेटरचे हात चपळ होते, म्हणून ११०. गॅस्केटला मात्र ९५, कारण पट्टी पुन्हा उसळेल या धास्तीने हात बिचकत चालत होते. हिशोब असा:

बेस बसवणे: ४.० × १.१० = ४.४० सेकंद.
टर्मिनल ब्लॉक, एकूण १२.०: दोन स्क्रूंचे यंत्राचे ३.०, हाताचे ९.० × १.१० = ९.९, मिळून १२.९०.
गॅस्केट: ७.८ × ०.९५ = ७.४१.
झाकण, एकूण १७.०: चार स्क्रूंचे यंत्राचे ६.०, हाताचे ११.० × १.१० = १२.१, मिळून १८.१०.
पेटी काढून ट्रेमध्ये ठेवणे: ३.० × १.१० = ३.३०.

बेरीज ४६.११ सेकंद. सरसकट ११० लावलं असतं तर ४३.८ × १.१० = ४८.१८ आलं असतं. दोन सेकंदांचा हा फरक निव्वळ न बघता गुणल्यामुळे आला असता.

ट्रे भरल्यावर बदलण्याचा वेळ कुठे धरायचा?

नगांवर वाटायचा. ट्रेमध्ये २४ पेट्या बसतात, बदलायला १०० रेटिंगने ३६ सेकंद लागतात, म्हणजे नगामागे १.५. नॉर्मल टाइम, म्हणजे रेटिंग लावलेली पण अलाउन्स न धरलेली वेळ, ४६.११ + १.५० = ४७.६१ सेकंद. हा वेळ अलाउन्समध्ये ढकलू नये; तो मोजता येतो आणि ठरलेल्या अंतराने येतोच.

अलाउन्स किती द्यायचे?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रसिद्धीमुळे सर्रास वापरात आलेल्या तक्त्यांत व्यक्तिगत गरजांसाठी ५ ते ७ टक्के आणि मूळ थकव्यासाठी ४ टक्के दिलेले असतात. त्यावर कामाच्या परिस्थितीप्रमाणे भर पडते. आपला ऑपरेटर उभा राहून काम करतो, त्याचे २ टक्के. व्यक्तिगत ५ धरले तर विश्रांतीचे मिळून ११ टक्के. तक्ता आंधळेपणाने वापरू नये. टेबल बसून काम करण्याजोगं केलं तर ते २ टक्के देण्याची वेळच येत नाही, आणि माणसाचे पायही वाचतात.

अडथळ्यांसाठी २ टक्के धरले आहेत. स्क्रू अडकणं, सुपरवायझरचं दोन शब्द बोलणं अशा छोट्या, टाळता न येणाऱ्या गोष्टी यात येतात. हा आकडा काही दिवसांच्या नोंदींवरून यायला हवा. तो ५ टक्क्यांच्या वर जाऊ लागला तर अलाउन्स वाढवण्याऐवजी काय अडतं आहे ते दुरुस्त करावं. माल नसल्यामुळे लाइन तासभर थांबली, तर तो तास इथे येत नाही. तो वेगळा नोंदायचा.

एकूण १३ टक्के. आता इथे दोन माणसं दोन वेगळी उत्तरं काढतात. टक्के जर कामाच्या वेळेवर असतील, आणि वरच्या तक्त्याचे तसे असतात, तर ४७.६१ × १.१३ = ५३.८० सेकंद. टक्के जर पाळीच्या एकूण वेळेतला वाटा म्हणून ठरवले असतील, तर ४७.६१ ÷ ०.८७ = ५४.७२ सेकंद. दोन्ही सूत्रं बरोबर आहेत, फक्त टक्के कशाचे ते लिहून ठेवलं पाहिजे. आपण पहिलं धरतो: प्रमाण वेळ ५३.८ सेकंद.

मग पाळीत किती नग?

आठ तासांच्या पाळीतून अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी वजा केली तर २७,००० सेकंद उरतात. ५३.८ ने भागले की सुमारे ५०२ नग.

इथे चहाच्या सुट्टीची गफलत नेहमी होते. दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या पाळीच्या वेळेतून वजा केल्या, आणि त्याच विश्रांतीसाठी ११ टक्के प्रमाण वेळेतही दिले, तर एकच विश्रांती दोनदा मोजली जाते. सुट्टी वजा करणार असाल तर तेवढा भाग अलाउन्समधून काढा. वजा करणार नसाल तर ११ टक्क्यांतच ती सुट्टी बसते हे ऑपरेटरलाही स्पष्ट सांगा.

मी वर सांगितलेली चूक इथे पुन्हा करून बघू. गॅस्केटची उसळणारी वाचनं वगळली असती तर घटकात ०.६ सेकंद कमी धरले गेले असते. रेटिंग आणि अलाउन्स लावून ते ०.६४ होतात, आणि पाळीचं प्रमाण ५०२ ऐवजी ५०८ येतं. सहा नग फार नाहीत असं ऑफिसात बसून वाटतं. पण ते रोज कमी पडतात, आणि रोज त्याच माणसाच्या नावावर कमी पडतात.

ऑपरेटर मुद्दाम हळू काम करत असेल तर?

वेग कमी असेल तर रेटिंग कमी लिहायचं, त्यासाठीच ते आहे. पण तो अनावश्यक हालचाली करत असेल, म्हणजे स्क्रू एकेक करून लांबून आणणं, पेटी उगाच उलटून बघणं, तर ते रेटिंगने भरून निघत नाही. पद्धतच वेगळी झाली. थांबायचं, लिहिलेल्या पद्धतीचं पान दोघांनी मिळून बघायचं आणि पुन्हा सुरू करायचं. ८० च्या खाली किंवा १३० च्या वर रेटिंग द्यावं लागत असेल तर मी त्या दिवशीचा अभ्यास बाजूला ठेवतो. इतक्या टोकाला माझ्या डोळ्यावर माझा भरवसा नसतो.

आलेला आकडा बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

आधी अभ्यासाचाच ताळा करायचा. अभ्यास सुरू करण्याची आणि संपवण्याची वेळ मनगटी घड्याळावर लिहिलेली असते. सगळे घटक, वगळलेले वेळ आणि नोंदलेले अडथळे यांची बेरीज त्या अंतराशी जुळली पाहिजे. एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर काहीतरी लिहायचं राहिलं आहे, अभ्यास पुन्हा करायचा.

मग लाइनवर बघायचं. सगळेच ऑपरेटर ५०२ च्या खाली सारखे अडकत असतील तर एखादा घटक सुटला आहे. बहुधा अधूनमधून येणारा. दोन-तीन जण सहज ५०२ च्या पुढे आणि बाकीचे मागे असतील तर त्या दोघा-तिघांनी पद्धत बदलली आहे का ते बघायचं. कधी कधी त्यांनी ती सुधारलेली असते.

आणि गॅस्केटच्या पुरवठ्यात बदल झाला की उसळण्याची १०० नगांची मोजणी पुन्हा करायची. आमच्या त्या कामात पुढे गॅस्केट पाकिटात घडी न घालता सपाट येऊ लागली. पुढच्या शंभरात ती तीनदा उसळली, आणि आम्ही त्या घटकाची वेळ नव्याने लिहिली.